ओठ मिटतात का ते बघा, आणि पैसे कोणाच्या खात्यात जातात ते विचारा

सभासद बंधू-भगिनींनो,

या अंकात आम्ही खरे म्हणजे सुरू लागणीच्या बेण्याविषयी लिहावयाचे योजिले होते. परंतु मागील पंधरवड्यात आमच्या गट कार्यालयात जो प्रकार घडला, तो पाहता बेण्याचा लेख पुढच्या अंकावर टाकणे आम्हांस भाग पडले. ज्या सभासदांच्या बाबतीत हे घडले त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. नाव मात्र देत नाही. त्यांना आपण तात्या म्हणू.

तात्या ऊसनोंदीची चौकशी करावयास आले होते. नोंदीचे काम झाले तरी उठेनात. चहा झाला, टोळी कधी येणार हे विचारून झाले, आणि मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “सायेब, ह्ये जरा बगा. बिलाचं पैसं ह्यात घालावं म्हंतोय.”

मोबाईलवर केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन बोलत होत्या. पुढे माईकांची रांग, कोपऱ्यात बातम्यांच्या वाहिनीचे चिन्ह, खाली धावती पट्टी. हिंदीतून त्या सांगत होत्या की, सरकारने सामान्य माणसासाठी एक गुंतवणुकीचा प्लॅटफॉर्म काढला आहे, बावीस हजार रुपये भरा आणि पहिल्या महिन्यापासून कमाई सुरू. तात्यांनी बावीस हजार भरलेही होते. ॲपमध्ये त्याचे एकसष्ट हजार झालेले दिसत होते. आता उसाचे पूर्ण बिल त्यात घालावे, असा त्यांना रोज फोन येत होता.

आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसे. कांड्यावरील रोग ओळखावयास शिकलो, मोबाईलमधील नव्हे. तरी मागे कुठेतरी वाचलेले आठवले, म्हणून मोठ्या ठसक्यात सांगितले, “तात्या, हे बनावट आहे. असल्या चित्रफितीत माणसाच्या डोळ्यांची पापणी लवत नाही.” तात्यांनी फीत पुन्हा लावली. बाईंची पापणी अगदी व्यवस्थित लवत होती. तात्या म्हणाले, “लवतीया की!” आणि आमची बोलती बंद झाली. चुकीची परीक्षा सांगितल्याने खोटी वस्तू खरी ठरली, आणि ती आम्हीच ठरविली. या लेखाचे कारण ते.

पापणीची गोष्ट अगदीच निराधार नव्हती. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले होते की, त्या वेळच्या बनावट चेहऱ्यांची पापणी फार कमी लवते. परंतु ते हेरल्यावर बनविणाऱ्यांनी तो दोष काढून टाकला. शिवाय हल्ली गुंतवणुकीच्या नावाने ज्या फिती फिरतात, त्यांत बहुधा डोळे बनावट नसतातच. डोळे खरे, कपाळ खरे, साडी खरी, माईक खरे. बनावट असते ते फक्त तोंड आणि आवाज.

ही फीत तयार कशी होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की कुठे पाहावयाचे हे आपोआप कळते. मंत्री, उद्योगपती, बँकेचे प्रमुख, खेळाडू यांची शेकडो खरी भाषणे सर्वांना पाहण्यास उपलब्ध असतात. त्यांतले एक घ्यावयाचे, शक्यतो असे की ज्यात माणूस समोर तोंड करून, फारसा न हलता बोलतो आहे. त्याच्या आवाजाचा थोडासा स्वच्छ तुकडा संगणकाच्या कार्यक्रमाला दिला की, तो कार्यक्रम आपण लिहून देऊ तो मजकूर त्याच आवाजात वाचून दाखवितो. यासाठी मिनिटभराचा आवाजही पुरतो. मग दुसरा कार्यक्रम मूळ भाषणातील चेहऱ्याचा नाकाखालचा भाग पुसतो आणि नव्या आवाजाला जुळेल असे ओठ, दात व हनुवटी तेथे काढून बसवितो. चलचित्र म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे. त्यातील प्रत्येक चित्रावर हे ठिगळ बसते. ठिगळ इतके लहान आणि भोवतालचे कापड इतके खरे, की सहज पाहणाऱ्याच्या नजरेस ते येत नाही. यालाच डीपफेक म्हणतात.

तेव्हा पाहावयाचे ते ठिगळच. आमच्या कार्यालयातील तरुण कारकुनाने ते तात्यांना दाखविले, आम्ही नव्हे. त्याने मोबाईल आडवा केला, फीत पूर्ण पडद्यावर आणली आणि तात्यांना म्हणाला, “तात्या, आरशासमोर उभे राहून ‘रुपये’ म्हणा. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात का नाही?” तात्यांनी दोन वेळा म्हणून पाहिले. मिटतात. ओठ न मिटविता ‘प’ म्हणता येत नाही, ‘ब’, ‘भ’ आणि ‘म’ही येत नाही. मराठी शाळेत आपण सर्वांनी ओष्ठ्य वर्ण म्हणून जे पाठ केले तेच हे. यातला ‘फ’ तेवढा सोडून द्या, कारण बोलताना तो आपण पुष्कळदा दात खालच्या ओठावर टेकवून उच्चारतो.

आता गंमत अशी की, पैशाच्या नावाने फसविणाऱ्याला या अक्षरांशिवाय बोलताच येत नाही. पैसा, रुपये, कंपनी, बाजार, लाभ, मुनाफा, कमाई, महिना, प्लॅटफॉर्म, मोबाईल. त्याच्या धंद्याचे बहुतेक शब्द ओठ मिटविणारे. फीत लावा आणि हे शब्द येतील तेव्हा फक्त ओठांकडे बघा. तात्यांच्या फितीत बाईंनी सात-आठ वेळा ‘रुपये’ म्हटले आणि त्यातले तीन वेळा ओठ एकमेकांना लागलेच नाहीत. मध्ये फट राहिली. ‘प्लॅटफॉर्म’ म्हणताना तर तोंड आधीपासून उघडे होते ते उघडेच. तात्यांनी तो तुकडा पाच-सहा वेळा लावून पाहिला. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

ही युक्ती आमच्या कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि बर्कले येथील संशोधकांनी २०२० साली नेमक्या याच अक्षरांवर बनावट फिती पकडण्याची पद्धत मांडली. पण तिला यंत्र लागतेच असे नाही, हा तिचा मोठा गुण. डोळे आणि थोडी सवड पुरते.

मात्र ती करताना दोन गोष्टींचा घोटाळा होऊ देऊ नका. एक म्हणजे आवाज मागे-पुढे होणे. मोबाईलची रेंज कमी असली, किंवा फीत दहा जणांकडून फिरत आली, तर खऱ्या फितीतही आवाज ओठांच्या पुढे किंवा मागे पडतो. फरक असा की, तेथे ओठ मिटतात, पण सर्व ठिकाणी सारख्याच अंतराने आधी किंवा नंतर मिटतात. बनावटीत ओठ कधी मिटतात, कधी मिटतच नाहीत, त्याला काही हिशेब नसतो. दुसरे म्हणजे दुसऱ्या भाषेतला आवाज चढविणे. इंग्रजी भाषणावर वाहिन्या कधी कधी हिंदी आवाज चढवितात. त्यात ओठ जुळणार नाहीतच, पण तेथे आवाज सरळ सरळ परक्या निवेदकाचा असतो. त्या माणसाचाच आवाज आहे असे कोणी भासवीत नाही.

सावकाश पाहिले तर हे जास्त स्पष्ट दिसते. यूट्यूबवर फीत असेल तर सेटिंगमध्ये Playback speed आहे, तेथे 0.25 निवडावे. दुसरीकडे असेल तर तोच तुकडा थांबवत थांबवत पाहावा. आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे. आवाजात आपण गुंगतो, बंद केला की नजर तोंडावर जाते.

ओठांबरोबर दातांकडेही लक्ष असू द्या. खऱ्या माणसाचे दात एका वाक्यात बदलत नाहीत. बनावटीत कधी दातांच्या जागी नुसती पांढरी पट्टी दिसते, कधी दोन दातांमधील रेषा येते आणि जाते. माणूस मान वळवतो किंवा तोंडासमोरून हात नेतो, त्या क्षणी हनुवटीची कड थरथरते किंवा बोटांवरच ओठांचा रंग फासल्यासारखा होतो. दाढीमिशा असतील तर त्या बोलताना पुसट होतात. म्हणूनच असल्या फितीत माणूस फार वेळ दिसत नाही. चार-पाच वाक्ये झाली की पडद्यावर नोटा, आलेख, बंगला, मोटार येते आणि आवाज मात्र चालूच राहतो. आवाज बनविणे सोपे, तोंड बनविणे अवघड, म्हणून तोंड लवकर झाकावयाचे.

आवाजाविषयी आमचे मत सावध आहे. पुष्कळ जण सांगतात की बनावट आवाज ओळखू येतो, श्वास घेतल्याचा आवाज नसतो, चढउतार नसतो. असते तसे कधी कधी. पण फोनच्या बारीक भोंग्यातून, अंगणात बसून, शेजारी पाण्याचा पंप चालू असताना हे कोणाला कळणार? आमचा तरी त्यावर भरवसा नाही.

यापेक्षा पक्की परीक्षा एक आहे, ती म्हणजे मूळ फीत शोधणे. चेहरा स्पष्ट दिसत असेल तेथे थांबवून त्याचा फोटो घ्यावा, म्हणजे स्क्रीनशॉट काढावा, आणि गूगल लेन्सवर टाकावा. तो फोटो जिथे जिथे आला असेल ते पुढे येते. तात्यांच्या फितीची मूळ पत्रकार परिषद आम्हांस अशीच सापडली. तीच साडी, तेच माईक, मागची तीच भिंत, आणि बाई बोलत आहेत भलत्याच विषयावर. बावीस हजारांचा त्यात शब्द नाही. हे पाहिल्यावर तात्यांना आणखी काही सांगावे लागले नाही. ओठांवर वाद घालता येतो, पण तीच साडी आणि दोन भाषणे यावर घालता येत नाही.

हे ज्याला जमत नसेल त्याने केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाचे खाते पाहावे. सरकारच्या व मंत्र्यांच्या नावाने फिरणाऱ्या असल्या फिती ते तपासून खोट्या असल्याचे जाहीर करतात, आणि अर्थमंत्र्यांच्या नावाच्या कितीतरी केल्या आहेत. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनीच सांगितले की, आपल्या स्वतःच्या अनेक बनावट फिती आपण पाहिल्या आहेत. त्या एकट्याच नव्हेत. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला, म्हणजे एनएसईला, आपले प्रमुख आशिषकुमार चौहान यांच्या बनावट फितींबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. फितीत ते अमुक शेअर घ्या म्हणून सांगताना दिसत होते, आणि एनएसईच्या कोणाही नोकराला शेअरची शिफारस करण्याचा अधिकारच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने गव्हर्नरांच्या नावाच्या फितींबद्दल आणि डिसेंबरात स्टेट बँकेने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नावाच्या फितींबद्दल असेच सांगितले.

इथवर लेख लिहून झाला होता आणि छापावयास द्यावयाचा होता. तेवढ्यात तात्यांनी आमच्या मोबाईलवर दुसरी फीत पाठविली. या वेळी एक मोठे उद्योगपती होते. खाली तात्यांनी लिहिले होते, “सायेब, ह्यात ओठ मिटत्यात. आता?”

आम्ही पाहिली. मिटत होते. प, ब, म, सगळीकडे मिटत होते. दातही बरे होते. फोटो लेन्सवर टाकला तर हाती काही लागले नाही. फीत खोटी होती याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती, परंतु नुसत्या तोंडाकडे पाहून ती खोटी ठरविणे आम्हांस जमले नाही, हे कबूल केले पाहिजे. पापणीचा दोष जसा गेला तसा ओठांचाही जाणार. ओठ मिटले नाहीत तर फीत खोटी, हे धरून चालण्यास हरकत नाही. ओठ मिटले म्हणजे फीत खरी, असे मात्र मुळीच नाही.

काणीचे उदाहरण घ्या. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडला की कोणीही सांगेल, काणी आहे. पण चाबूक दिसत नाही म्हणून बेणे निरोगी असे आपण म्हणतो का? नाही. आपण विचारतो, बेणे कोणत्या मळ्यातले? तेच येथे. फितीत काही दोष दिसत नसेल तर तिचा नाद सोडावा आणि विचारावे, पैसे कोणाच्या खात्यात भरावयाचे?

यासाठी मुंबईतली एक घटना सांगण्यासारखी आहे. २०२४ सालची. अंधेरीतील एका डॉक्टर बाईंनी इन्स्टाग्रामवर मुकेश अंबानी यांची फीत पाहिली. त्यात ते एका ‘ट्रेड ग्रुप’ची आणि त्याच्या शिकवणीवर्गाची स्तुती करीत होते, भरपूर परतावा मिळेल म्हणून सांगत होते. फीत बनावट होती. बाई शिकलेल्या, चौकस. त्यांनी आंधळेपणाने पैसे भरले नाहीत. इंटरनेटवर चौकशी केली, तर या ग्रुपची लंडनला आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यालये असल्याचे दिसले. तेवढ्याने खात्री पटली. मग मे ते जून या काळात त्यांनी सात लाखांहून अधिक रुपये भरले. ग्रुपच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावे तीस लाखांचा नफा दिसू लागला. तो काढावयास गेल्या तर निघेना. तेव्हा ओशिवरा पोलिसांत तक्रार झाली.

या प्रकरणातली आम्हांला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट पुढे आहे. ते सात लाख त्यांनी एका खात्यात भरले नव्हते. सोळा निरनिराळ्या बँक खात्यांत भरले होते. आता आपणच विचार करा. आपला ऊस आपण एका कारखान्याच्या एका काट्यावर घालतो आणि त्याची पावती त्याच कारखान्याच्या नावाची असते. उद्या कोणी म्हणाले की, एक खेप या काट्यावर टाका, दुसरी त्या, तिसरी तिसऱ्या, सोळा खेपा सोळा काट्यांवर, आणि बिल आमचे आम्ही देऊ, तर आपण एक मोळी तरी उतरवू का? शेअर बाजारातील खरा दलाल आपल्याच नावाच्या, नोंदविलेल्या खात्यात पैसे घेतो. पहिल्या वेळी एका नावाचे खाते आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या नावाचे दिले, की तेथेच थांबावे. ही खाती पुष्कळदा भाड्याने घेतलेली असतात. कोणा गरीब विद्यार्थ्याला किंवा मजुराला दोन-चार हजार देऊन त्याचे खाते व सिमकार्ड वापरतात, आणि पोलीस येतात ते त्या गरिबाच्या दारात. आपल्या मुलांना हेही सांगून ठेवा.

तात्यांच्या बावीस हजारांचा कागद पाहिला तेव्हा पैसे घेणाराचे नाव एका किराणा दुकानासारखे होते. सरकारची योजना, अर्थमंत्री स्वतः सांगतात, आणि पैसे किराणा दुकानाला! तात्यांनी ते नाव पैसे भरताना वाचले होते. “म्या म्हनलं आसंल त्यांचं कायतरी,” असे म्हणाले. त्यांना दोष देत नाही. मंत्र्याचा चेहरा पाहिल्यावर माणूस बाकीचे वाचत नाही, आणि फसविणाऱ्याला चेहरा हवा असतो तो एवढ्यासाठीच.

आता खाते खरे की खोटे हे तपासण्याची सोय झाली आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंड यांना यूपीआयसाठी वेगळी ओळख दिली आहे. त्यात @ या चिन्हाच्या आधी दलाल असेल तर `.brk` आणि म्युच्युअल फंड असेल तर `.mf` येते. @ च्या पुढे `valid` हा शब्द आणि त्याला जोडून बँकेचे नाव येते. पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात पांढरा अंगठा दिसतो. शिवाय सेबीच्या संकेतस्थळावर आणि ‘सारथी’ या त्यांच्या ॲपवर SEBI Check अशी सोय आहे. तेथे यूपीआयचा पत्ता, किंवा खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी, टाकला की ते खाते नोंदणीकृत माणसाचे आहे की नाही ते कळते. जी कंपनी तेथे सापडत नाही, किंवा जी सांगते की आम्ही परदेशी आहोत, आम्हाला सेबी लागू नाही, तिला आपले पैसेही लागू नाहीत असे समजावे. आणि नोंदणीकृत सल्लागाराला ठरावीक परताव्याची हमी देण्यास मुळातच बंदी आहे. तेव्हा ‘दरमहा इतके नक्की’ हे शब्द कोणाच्याही तोंडून आले, ओठ मिटून येवोत की उघडे राहून, तो माणूस नियमाबाहेर बोलतो आहे.

तात्यांची दुसरी फीत आम्ही याच वाटेने तपासली. खालच्या दुव्यावर गेलो, आमचे नाव व फोन न देता जेवढे पाहता येते तेवढे पाहिले. कंपनीचा नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही. नाव-फोन भरा, आमचा ‘मॅनेजर’ फोन करील, एवढेच. ज्या पानावरून जाहिरात आली होती त्याची माहिती फेसबुकवर Page transparency मध्ये दिसते. ते पान तीन महिन्यांपूर्वी काढलेले, आणि आधी त्याचे नाव पाककृतींचे होते. कोणता मोठा उद्योगपती आपली योजना पाककृतींच्या पानावरून जाहीर करील? हे पाहण्यास आम्हांस पाच मिनिटे लागली. ओठांकडे पाहण्यात आम्ही अर्धा तास घालविला होता.

येथे आमचे एक स्पष्ट मत नोंदवितो. या फिती फुकट फिरत नाहीत. पुष्कळशा पैसे भरून केलेल्या जाहिराती असतात, त्यावर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. वर्तमानपत्राने खोट्या बेण्याची जाहिरात छापली तर आपण वर्तमानपत्राला जाब विचारतो. येथे पैसे घेऊन जाहिरात दाखविणाऱ्याला जाब कोणी विचारावयाचा? ओठ बघा, खाते बघा, हे सगळे ओझे तात्यांसारख्यावर टाकून जाहिरात दाखविणाऱ्याने मोकळे राहावे, हे आम्हांस मान्य नाही. पण ते बदलेपर्यंत बिल आपल्याच खात्यातून जाणार आहे.

तात्यांच्या बावीस हजारांचे काय झाले हे काही सभासदांनी विचारले, म्हणून सांगतो. त्याच दिवशी आमच्या कार्यालयातूनच १९३० या क्रमांकावर फोन केला. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक. cybercrime.gov.in येथेही तक्रार करता येते. त्यांनी पैसे पाठविल्याची तारीख, रक्कम, ज्या खात्यात गेले ते, आणि यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारला. तात्यांनी पावती पुसून टाकली होती, ती बँकेच्या खातेउताऱ्यावरून काढावी लागली. यात पाऊण तास गेला. पैसे गोठविता येतात ते कुठल्यातरी खात्यात शिल्लक असेपर्यंत, आणि फसविणारे ते काही तासांतच पुढच्या, त्याच्या पुढच्या खात्यात सरकवितात. तात्यांनी पैसे भरल्याला अकरा दिवस झाले होते. पैसे सुटले नाहीत. तक्रार नोंदली गेली, तिचा क्रमांक तात्यांनी आपल्या ऊसनोंदीच्या वहीत लिहून ठेवला आहे.

उसाचे बिल मात्र वाचले. ते सोसायटीच्या कर्जात आणि ठिबकच्या हप्त्यात गेले. त्या ‘मॅनेजर’चा फोन पुढे आठवडाभर येत होता. आधी गोड, मग दमदाटीचा. तात्यांचे एकसष्ट हजार काढावयाचे असतील तर आधी अठरा हजार कर भरावा लागेल, असे तो म्हणाला. तात्यांनी त्याला विचारले, “कर त्या एकसष्टातनंच कापून घ्या की. आमचा कारखाना कपात बिलातनंच करतोय.” त्यानंतर फोन आला नाही.

गट कार्यालयाच्या भिंतीवर तोड कार्यक्रमाच्या शेजारी १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावला आहे. पैसे भरण्यापूर्वी कोणास फीत किंवा खाते दाखवावयाचे असेल त्यांनी कामाच्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळेत यावे. पैसे भरून झाले असतील तर वेळ पाहू नये, आधी १९३० ला फोन करावा आणि मग आमच्याकडे यावे. येताना पावती पुसू नये. सुरू लागणीच्या बेण्याचा लेख पुढील अंकी.

आपला,
ऊस विकास अधिकारी